ले-ऑफनंतर रिक्रूटरला मेसेज: घाई आहे हे कसं सांगायचं?

प्रश्न: पेरोलमध्ये आठ वर्षं काम करतोय. कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला, ३० जून माझा शेवटचा दिवस. दोन वर्षांपूर्वी एका रिक्रूटर मॅडमनी मला एका जागेसाठी फोन केला होता, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. आता त्यांना मेसेज करायचाय. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. एक तर हात पसरल्यासारखा वाटतो, नाहीतर मला काही घाईच नाही असा. पैसे ऑगस्टअखेरपर्यंत पुरतील. हे त्यांना सांगायचं का? आणि सांगायचं तर कसं?

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच वाक्यात बसवायला बघताय, म्हणून मेसेज जमत नाहीये. तुम्ही कामावर कधीपासून येऊ शकता, ही एक गोष्ट. तुम्हाला काम कधीपर्यंत मिळायला हवं, ही दुसरी. पहिली रिक्रूटरच्या कामाची, दुसरी तुमच्या घरची. दोन्ही एकत्र आल्या की वाक्य "मला तातडीने नोकरीची अत्यंत गरज आहे" असं होतं आणि लिहिल्यावर ते आपलं आपल्यालाच वाचवत नाही. मग ते खोडून आपण "योग्य संधी असल्यास जरूर कळवावे" असं लिहितो. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

मी १७ वर्षं भरतीचं काम करते. पहिली ६ एजन्सीत गेली, नंतरची कंपन्यांच्या आत. ले-ऑफ झालेल्या लोकांचे मेसेज मला दर आठवड्याला येतात आणि ते वाचताना माझ्या हातून काय होतं ते आधी सांगते, कारण मेसेज कसा लिहायचा हे त्यावरूनच ठरतं.

मेसेज मी बहुतेकदा दोन कॉलच्या मधे, फोनवर वाचते. त्या वेळी माझ्याकडे पंधरा-वीस जागा उघड्या असतात आणि डोक्यात एकच प्रश्न असतो: हा माणूस यातल्या कुठल्या जागेत बसतो? उत्तर मिळालं की मी सिस्टीममध्ये त्याच्या नावाची नोंद उघडते आणि चार-पाच गोष्टी टिपून ठेवते. काम कोणतं, अनुभव किती, कधी जॉइन होऊ शकतो, आधीची नोकरी का सुटली, दुसरीकडे कुठे बोलणी चालू आहेत का. नंतर हायरिंग मॅनेजरला सीव्ही पाठवते तेव्हा वर दोन ओळी लिहिते आणि त्या दोन ओळी कित्येकदा उमेदवाराच्या मेसेजमधूनच जशाच्या तशा उचललेल्या असतात. म्हणजे तुमचं वाक्य माझ्यापाशी थांबत नाही. ते पुढे जातं, तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाच्या टेबलावर. आणि सिस्टीममध्ये वर्षानुवर्षं राहतं.

म्हणून प्रत्येक ओळ लिहिताना हे बघा, की मॅडमनी ही ओळ उचलून तुमच्या होणाऱ्या साहेबांना पाठवली तर तुम्हाला चालेल का. "ऑगस्टनंतर माझ्याकडे पैसे नाहीत" ही ओळ पाठवलेली चालेल का? नाही ना. मग ती लिहायची नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्या ओळीचा प्रवास तुमच्या हातात राहत नाही.

हे मी एका प्रसंगातून शिकले. एजन्सीत असताना एका बाईंचा मेसेज आला होता: घरात त्या एकट्याच कमावत्या, ले-ऑफ झालेला, "पगार कितीही असला तरी चालेल". मला वाटलं, लवकर काम झालं तर त्यांचंच भलं होईल. मी नोंदीत लिहिलं: तातडीची गरज, पगाराबाबत लवचीक. कंपनीने त्या जागेसाठी ठरवलेल्या पट्ट्यातला सगळ्यात खालचा आकडा दिला. त्यांनी घेतला. काही महिन्यांनी शेजारी बसणाऱ्या, कमी अनुभवाच्या माणसाचा पगार त्यांना कळला आणि त्यांनी राजीनामा दिला. कुणी त्यांना मुद्दाम फसवलं असं नव्हतं. माझी एक ओळ वाचून कुणीतरी आकडा ठरवला, इतकंच. तेव्हापासून उमेदवार फोनवर हे बोलला तरी मी ते नोंदीत लिहीत नाही. पण प्रत्येक रिक्रूटर असं करेल, याची खात्री मी देऊ शकत नाही.

मग घाई सांगायचीच नाही का? सांगायची, पण तारखेत. "लवकर", "तातडीने", "तात्काळ" हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे ते वाचून मला काही करता येत नाही. "१ जुलैपासून कामावर येऊ शकतो" यावर करता येतं. माझ्यासमोरच्या वीस जागांपैकी कुठल्या जागेला १ जुलैचा माणूस हवाय, ते मी लगेच शोधू शकते.

इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. नोकरीत असलेल्या उमेदवाराचा नोटीस पिरियड असतो, कुठे दोन आठवडे, कुठे तीन महिने. त्यात तो ऑफर घेऊन आपल्या कंपनीकडून पगारवाढ पदरात पाडून तिथेच राहण्याचा धोकाही असतो. तुमच्या बाबतीत यातलं काहीच नाही. एखादी कंपनी अडलेली असेल तर तुमची तारीख हा तुमचा गुण ठरतो. प्रश्न एवढाच की कुठली कंपनी अडलेली आहे. आणि ते तुमच्या क्षेत्राच्या कॅलेंडरवरून ओळखता येतं.

तुम्ही पेरोलमध्ये आहात, तर तुमचंच उदाहरण घेऊ. पेरोलची सिस्टीम बदलताना जुन्या आणि नव्या, दोन्ही सिस्टीमवर काही महिने पगार काढून आकडे जुळवून बघतात, तो पॅरलल रन. त्या काळात दुप्पट काम असतं आणि अनुभवी माणूस रन सुरू होण्याआधी हवा असतो, नंतर येऊन उपयोग कमी. तसंच पेरोलमधलं कुणी दीर्घ रजेवर जाणार असेल किंवा अचानक सोडून गेलं असेल, तर पुढच्या महिन्याचा पगार काही थांबत नाही. अशा जागांसाठी दोन महिन्यांनी येणारा उत्तम माणूस आणि पुढच्या आठवड्यात येणारा चांगला माणूस यांत बहुतेकदा दुसरा निवडला जातो. हे मेसेजमध्ये एका वाक्यात आणा: "पॅरलल रन किंवा रजेच्या काळातली जागा असेल तर जुलैच्या पेरोलआधी रुजू होऊ शकतो." घाई आहे हे त्यात आलं. पण वाचणाऱ्याला त्यात तुमची अडचण दिसत नाही, त्याची स्वतःची सुटताना दिसते.

याच्याच जोडीने ठराविक मुदतीचं कंत्राटी काम चालेल का, हे ठरवा. चालणार असेल तर किती महिन्यांचं ते लिहा. "सहा महिन्यांपर्यंतचं कंत्राटी कामही चालेल" या ओळीने माझ्यासमोर जागांचा वेगळा ढीग उघडतो. तो भरायची प्रक्रियाही बहुधा छोटी असते, एखादी मुलाखत आणि होकार. कायम नोकरीला मुलाखतींच्या फेऱ्या, ऑफरची मंजुरी, आधीच्या नोकरीची पडताळणी, असं सगळं मिळून सहज दीड-दोन महिने जातात. तुम्ही उद्या यायला तयार असलात तरी हे दिवस कमी होत नाहीत. ऑगस्टअखेरचं गणित मांडताना हे धरा. पण कंत्राटी काम नको असेल, किंवा व्हिसा, आरोग्य विमा अशा कारणांनी परवडणारं नसेल, तर घाईपोटी लिहू नका. पहिला फोन त्याचाच येईल आणि नाही म्हणताना अवघड होईल.

आता "काहीही चालेल" या शब्दांबद्दल थोडं सविस्तर. ले-ऑफच्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. एक कारण साधं आहे: मला सिस्टीममध्ये काहीतरी नाव टाकून शोधावं लागतं आणि "काहीही" या नावाची जागा नसते. दुसरं कारण एजन्सीबाहेरच्या लोकांना माहीत नसतं. एजन्सीला फी कंपनी देते, उमेदवार जॉइन झाल्यावर, बहुधा त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत. आणि करारात सहसा हमीचा काळ असतो. त्या काळात उमेदवार सोडून गेला तर एजन्सीला दुसरा माणूस द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते. त्यामुळे "काहीही चालेल" असं वाचलं की एजन्सीतल्या माणसाच्या मनात येतं: हा आत्ता काहीही घेईल आणि बरी नोकरी मिळाली की तिसऱ्या महिन्यात जाईल. तुम्ही कळकळीने लिहिलेलं असतं आणि वाचलं जातं धोका म्हणून. दोन नेमकी पदं लिहा. पहिलं तुमचं नेहमीचं, दुसरं त्याच्या शेजारचं, जे तुम्ही खरोखर घ्याल.

ले-ऑफचं कारण एका वाक्यात संपवा. काय बंद झालं, किती जण, कधी. "आमच्या पेरोल विभागाचं काम कंपनीने मध्यवर्ती टीमकडे दिलं, त्यामुळे विभागातल्या सर्व १४ जागा रद्द झाल्या." पुढे "यात माझ्या कामगिरीचा काही संबंध नव्हता" असं जोडायचा मोह होतो, तो टाळा. चौदाच्या चौदा गेले, यातच ते आलं. स्पष्टीकरण जोडलं की मी थबकते: हे सांगावं का लागतंय? आधीच्या कंपनीबद्दल कडू शब्द नकोत आणि गोडही नकोत. तुमचा तर अख्खा विभागच बंद झालाय, पण एखाद्याला तीस जणांतून एकट्यालाच कमी केलेलं असेल तर त्याने विभागाआड लपू नये. "माझं पद रद्द झालं" हे खरं असेल तर तेवढंच लिहावं. विचारल्यावर द्यायचं उत्तर तयार ठेवावं. पडताळणीत आधीच्या कंपनीला तारखा विचारतात आणि काही ठिकाणी कारणही.

तारखांवरून आठवलं. पाठवण्याआधी कंपनीने सही करायला दिलेला कागद नीट वाचा. "शेवटचा दिवस" म्हणून लोक तीन वेगळ्या तारखा सांगतात: लॅपटॉप परत केला तो दिवस, कागदोपत्री नोकरी संपते तो दिवस, आणि भरपाईचे पैसे पुरतात तो दिवस. मेसेजमध्ये मधली लिहायची, कारण पडताळणीत तीच येणार. कामावर जाऊ नका पण नोकरी अजून चालू, असा काळ असेल तर त्या काळात दुसरीकडे रुजू होता येत नाही. मग "उद्यापासून तयार" हे लिहिणं चुकीचं ठरतं. भरपाईच्या अटी कुणाला सांगायच्या नाहीत असंही कागदात असू शकतं. किती मिळाले, कधीपर्यंत पुरतील, हे न सांगायला तेही एक कारण.

आणि तुमचं स्वतःचं काही ठरलेलं असेल, शस्त्रक्रिया, परीक्षा, घरचं लग्न, तर ते धरूनच तारीख द्या. "१ जुलैपासून" सांगून ऑफरनंतर "पण १० ते २० मला सुट्टी लागेल" म्हटलं, की ज्या एका गोष्टीवर निवड झाली तीच डळमळते. ८ जुलै लिहा आणि ८ जुलैला या.

आता पूर्ण मेसेज. तुम्ही दिलेल्या माहितीवर बेतलाय, जिथे माहिती नव्हती तिथे मी अंदाजाने भरलंय, ते तुमचं घाला.

> नमस्कार मॅडम,
>
> दोन वर्षांपूर्वी पेरोल लीडच्या जागेसाठी आपलं बोलणं झालं होतं. तेव्हा मी हातातलं काम सोडू शकत नव्हतो, पण तुम्ही आठवण ठेवून फोन केलात हे लक्षात आहे.
>
> आमच्या पेरोल विभागाचं काम कंपनीने मध्यवर्ती टीमकडे दिलं आहे आणि विभागातल्या सर्व १४ जागा ३० जूनला संपत आहेत. मी १ जुलैपासून रुजू होऊ शकतो, नोटीस पिरियड नाही.
>
> गेली आठ वर्षं पेरोलमध्ये आहे, सध्या ४,२०० जणांचा मासिक पेरोल माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी नव्या सिस्टीमवर जाताना तीन महिन्यांचा पॅरलल रन मी सांभाळला. पेरोल लीड किंवा पेरोल सिस्टीमच्या कामासाठी जागा शोधतोय. सहा महिन्यांपर्यंतचं कंत्राटी कामही चालेल, आणि अशी जागा असेल तर जुलैच्या पेरोलआधी येऊ शकतो.
>
> तुमच्याकडे सध्या अशी जागा आहे का? असेल तर या आठवड्यात केव्हाही दहा मिनिटं बोलू शकतो. सीव्ही जोडला आहे. तो कुठल्या कंपनीला पाठवण्याआधी मला एकदा कळवाल का?

इंग्रजीत पाठवणार असाल तरी क्रम हाच ठेवा.

पहिल्या परिच्छेदाबद्दल. तुम्ही तेव्हा नाही म्हटलं होतं, याचं तुम्हाला ओझं वाटतंय असं प्रश्नावरून जाणवलं. मॅडमना वाटत नसेल. आम्हाला दिवसाला कितीतरी नकार येतात आणि व्यवस्थित दिलेला नकार आम्ही चांगल्या अर्थाने लक्षात ठेवतो. माफी नको. जुनं बोलणं कशाबद्दल झालं होतं ते सांगा, म्हणजे त्यांना जुनी नोंद सापडेल. हेच अनोळखी रिक्रूटरला लिहायचं असेल तर तो परिच्छेद काढा आणि त्यांच्या कुठल्या जाहिरातीवरून लिहिताय ते घाला. लिंक्डइनवर ओळख जोडताना लिहायला जागा फार थोडी मिळते. तिथे पद, अनुभव आणि तारीख एवढंच: "पेरोल लीड, आठ वर्षं, १ जुलैपासून उपलब्ध." बाकीचं उत्तर आल्यावर.

शेवटच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं, हे बघा. "काही मदत करता आली तर बघा" याला उत्तर देणं कठीण असतं. नाही म्हटलं तर माणुसकी नसल्यासारखं वाटतं, हो म्हटलं तर नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून असे मेसेज "नंतर सावकाश उत्तर देऊ" म्हणून बाजूला पडतात आणि राहून जातात. जागा आहे का, याला मी रांगेत उभी असतानाही उत्तर देऊ शकते.

सीव्ही पाठवण्याआधी कळवा, ही ओळ आगाऊपणाची वाटेल, पण घाईत असलेल्याला तिचीच सगळ्यात जास्त गरज असते. ले-ऑफ झालेला माणूस एका रात्रीत दहा एजन्सींना सीव्ही पाठवतो. त्यातल्या दोन एजन्सी तो सीव्ही एकाच कंपनीला पाठवतात. मग फी कुणाची यावरून वाद होतो आणि कंपनी कित्येकदा त्या वादात पडण्यापेक्षा तो उमेदवारच बाजूला ठेवते. तुम्हाला कारण कळतही नाही. म्हणून कुणी कुठे पाठवलं याची तारखेसह वही ठेवा. कंपनीचं नाव सांगितल्याशिवाय सीव्ही पाठवायला हो म्हणू नका. ज्या कंपनीत तुम्ही स्वतः अर्ज केलाय ते लगेच सांगा. मॅडम एजन्सीत नसून कंपनीच्या आत असतील तर ही ओळ गाळा, तिथे ती लागू नाही.

आता खरी मुदत असेल तर काय, यावर थोडं. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय, किंवा व्हिसामुळे अमुक तारखेआधी नवी कंपनी मिळालीच पाहिजे, अशी मुदत मोकळेपणाने सांगावी, पहिल्याच मेसेजमध्ये सांगावी. ती लपवली तर मी तुम्हाला अशा जागेच्या रांगेत उभं करीन जिथला निर्णयच तीन आठवड्यांनी होणार. पण नसलेली ऑफर निर्माण करू नका. हे मी वारंवार बघते. मेसेज येतो, शुक्रवारपर्यंत सांगा. मी मॅनेजरला विचारते, तो म्हणतो इतक्या लवकर जमणार नाही, मी उमेदवाराचं अभिनंदन करते आणि ती ऑफर घ्या म्हणून सांगते. सोमवारी त्याच माणसाचा मेसेज येतो, अजून उपलब्ध आहे म्हणून. तो वाईट माणूस नसतो, घाबरलेला असतो, हे मला कळतं. पण पुढच्या वेळी त्याने सांगितलेली खरी तारीखही मी पुढे पाठवताना कचरते.

तुमची ऑगस्टअखेर ही अशी बाहेरची मुदत नाही, ती तुमच्या शिलकीची आहे. ती मेसेजमध्ये नको. मात्र तिच्यावरून एक आतली तारीख स्वतःसाठी ठरवा: कायम नोकरीची वाट कधीपर्यंत बघायची आणि फक्त कंत्राटी कामाकडे कधी वळायचं. माझ्या अनुभवात जुलैच्या मध्यापर्यंत एकाही ठिकाणी दुसऱ्या फेरीचं बोलणं नसेल, तर ऑगस्टअखेर कायम नोकरीचा पगार हातात पडणं अवघड असतं. ही तारीख तुमच्या क्षेत्राप्रमाणे मागेपुढे होईल. पण ती आधी ठरलेली असली की फोनवर "कंत्राटी चालेल का?" असं कुणी विचारलं तर तुमचा आवाज बदलत नाही.

फोनवर मॅडमनी थेट विचारलं, "तुम्हाला किती घाई आहे?", तर गोंधळू नका. तो बहुतेकदा नियोजनाचा प्रश्न असतो. "जुलैत सुरू करायचा माझा विचार आहे. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, ऑफर अजून नाही" एवढं पुरे, बोलणी कुठेच नसतील तर "शोध याच आठवड्यात सुरू केलाय". पगाराचं विचारलं तर आकडा सध्याच्या पगारावरून आणि बाजारावरून द्या, शिलकीवरून नको. पण एखाद्या रिक्रूटरशी तुमची जुनी, विश्वासाची ओळख असेल आणि परिस्थिती खरोखर बिकट असेल, घरात आजारपण आहे, तर फोनवर तोंडी सांगायला हरकत नाही. मला असं सांगितलेल्या लोकांसाठी मी ओळखीच्या दुसऱ्या रिक्रूटर्सना स्वतः फोन केलेत. लिहून मात्र ठेवू नका.

पाठवण्याआधी सीव्ही एकदा उघडून बघा. तिथे अजून "आजतागायत" असेल आणि मेसेज जुलैत जात असेल, तर वाचणाऱ्याला पहिली विसंगती तीच दिसते. ३० जूनपर्यंत नोकरी चालू आहे असं लिहिणं बरोबर आहे. १ जुलैला सकाळी उठून सीव्हीत आणि प्रोफाइलवर महिना घाला. लिंक्डइनवर तुम्ही नोकरी शोधताय हे फक्त रिक्रूटर्सना किंवा सगळ्यांना दिसेल, असे दोन पर्याय आहेत. अख्खा विभाग बंद झालाय आणि सगळ्यांना माहीत आहे, तर सगळ्यांना दिसलं तरी तुमचं काही बिघडत नाही. पण ज्याचा ले-ऑफ अजून जाहीर व्हायचाय त्याने थांबावं.

उत्तर नाही आलं तर पाच ते सात कामाचे दिवस जाऊ द्या आणि एकदाच आठवण करा, पण नवीन काहीतरी घेऊन. "माझा मेसेज पाहिलात का?" यात नवीन काही नसतं आणि वाचणाऱ्याला अपराधी वाटतं, म्हणून तो आणखी टाळतो. त्याऐवजी असं:

> नमस्कार मॅडम, मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. ३० जूनला काम संपलं, आता मी कुठल्याही दिवशी रुजू होऊ शकतो. पेरोल सिस्टीमच्या एका कंत्राटी जागेसाठी एका ठिकाणी पहिली मुलाखत झाली आहे. तुमच्याकडे जुलैत अशी काही जागा येण्यासारखी असेल तर कळवा.

मुलाखत झाली नसेल तर ते वाक्य गाळा, बाकीचं तसंच चालतं. त्यानंतरही उत्तर नसेल तर त्या मॅडमना पुन्हा लिहू नका, निदान महिनाभर. बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की त्यांच्याकडे आत्ता पेरोलची जागा नाही. तुमची नोंद तारखेसकट त्यांच्याकडे झालेली असते आणि जागा आली की आम्ही शोध तिथूनच सुरू करतो. मधल्या काळात काम मिळालं तर मात्र त्यांना दोन ओळींत तेवढं कळवा, म्हणजे त्या नोंदीतली तुमची तारीख त्यांना बदलता येईल.